साठातून वीस गेले, तरी चाळीस उरत नाहीत

*आम्ही दोघांनी नाशिकमध्ये द्राक्ष निर्यातदारांसाठी फवारणीच्या आणि रेसिड्यू तपासणीच्या नोंदी ठेवणारं ॲप केलंय. कंपनीत माझे ६० टक्के, पार्टनरचे ४०. आता एका फंडाची टर्म शीट आलीय: प्री-मनी ८ कोटी, गुंतवणूक २ कोटी, शिवाय "१० टक्के ईसॉप पूल, प्री-मनीत धरून". फंडाला २० टक्के जाणार. मी म्हणते, दोघांनी दहा-दहा द्यावेत. म्हणजे मी ५०, तो ३०. पण असंच होत गेलं तर अजून दोन-तीन राउंडनंतर माझ्या हातात काहीच उरणार नाही, ही धास्ती आहे. बाबांचं होलसेल किराण्याचं दुकान आहे. ते म्हणतात, काहीही कर, ५१ टक्के सोडू नकोस. त्यात ज्या मित्राने ॲपचं पहिलं व्हर्जन बांधून दिलं त्याला दोन टक्के देईन असं तोंडी बोलून बसलेय. दोन आठवड्यांत सही करायची आहे. काय करू?*

*– एक उद्योजिका, नाशिक*

नमस्कार,

दोन आठवडे पुरेसे आहेत. पण आज संध्याकाळपासून टक्के बोलायचं थांबवा आणि शेअर मोजायला लागा. तुमच्या पत्रातले बहुतेक गोंधळ टक्क्यांत विचार केल्यामुळे झालेत. शेअर मोजले की ते आपोआप सुटतात.

बहुतेक छोट्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या एक लाखाच्या भांडवलावर उभ्या राहतात: दहा रुपये दर्शनी किमतीचे १०,००० शेअर. तुमचंही तसंच असेल असं धरून चालते. म्हणजे तुमच्याकडे ६,००० आणि पार्टनरकडे ४,०००. फंड येईल तेव्हा तुम्ही दोघं यातला एकही शेअर कुणाला देणार नाही आहात. कंपनी नवे शेअर काढेल, फंड ते विकत घेईल आणि पैसे कंपनीच्या खात्यात जातील. तुमचे ६,००० हे ६,०००च राहतात. बदलतो तो खालचा छेद.

पूल क्षणभर बाजूला ठेवू. प्री-मनी ८ कोटी म्हणजे आजच्या १०,००० शेअरची किंमत ८ कोटी, म्हणून एका शेअरचा भाव ८,००० रुपये. फंडाचे २ कोटी भागिले ८,००० म्हणजे २,५०० नवे शेअर. आता एकूण शेअर झाले १२,५००. तुमचे ६,००० म्हणजे ४८ टक्के, पार्टनरचे ४,००० म्हणजे ३२ टक्के, फंडाचे २० टक्के. इथे साठातून काही वजा झालेलं नाही. साठाला ०.८ ने गुणलं गेलंय, चाळिसालाही ०.८ नेच.

दहा-दहाची तुमची कल्पना इथेच मोडते. दोघांनी खरोखर दहा-दहा टक्के द्यायचे म्हटले तर तुम्हाला स्वतःच्या नावावरचे जुने शेअर फंडाला विकावे लागतील. ते पैसे तुमच्या दोघांच्या खात्यात येतील, त्यांच्या नफ्यावर तुम्हाला कर भरावा लागेल आणि कंपनीला एक रुपयाही मिळणार नाही. शिवाय त्यात पार्टनरचा चौथा हिस्सा जातो आणि तुमचा फक्त सहावा. तुमच्या मनात तसं काही नव्हतं हे मला माहीत आहे, पण पार्टनरने उद्या हा हिशेब स्वतः मांडला तर त्याला वेगळं वाटू शकेल. त्याने मांडायच्या आधी तुम्हीच त्याला ४८ आणि ३२ दाखवा.

काहीच उरणार नाही या धास्तीचं उत्तरही याच गुणाकारात आहे. दर राउंडला २० टक्के जात राहिले तर साठाचे ४८, मग ३८.४, मग ३०.७ होतात. शून्य कधीच येत नाही. तरी एवढ्यावर निश्चिंत होऊ नका, कारण प्रत्यक्षात आकडा याहून वेगाने खाली येतो, आणि त्याला कारण तुमच्या टर्म शीटमधली ती छोटी ओळ आहे: "१० टक्के ईसॉप पूल, प्री-मनीत धरून".

या ओळीचा अर्थ असा. पुढे येणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी जे शेअर राखून ठेवायचे, ते फंड यायच्या आधीच अस्तित्वात होते असं मानायचं, आणि राउंडनंतरच्या एकूण शेअरमध्ये त्यांचा वाटा बरोबर १० टक्के यायला हवा. फंडाचे २० ठरलेले, पुलाचे १० ठरलेले. उरले ७०, आणि त्यात तुमचे दोघांचे १०,००० शेअर बसवायचे. १०,००० जर ७० टक्के असतील तर एकूण शेअर होतात १४,२८६. त्यातले २,८५७ फंडाचे आणि १,४२९ पुलाचे. (शेअर तुकड्यात देता येत नाहीत, म्हणून पूर्णांक केलेत.) तुमचे ६,००० आता ४२ टक्के आहेत आणि पार्टनरचे ४,००० हे २८ टक्के.

आता भाव बघा. फंडाने २ कोटीत २,८५७ शेअर घेतले, म्हणजे एकाचा भाव जवळजवळ ७,००० रुपये. त्या भावाने तुमच्या १०,००० शेअरची किंमत ७ कोटी होते. कागदावर ८ कोटी लिहिलेत, पण तुम्ही दोघांनी आजवर जे उभं केलंय त्याला मिळालेला भाव ७ कोटीच आहे. उरलेला एक कोटी अजून कुणालाच न दिलेल्या पुलाचा आहे. म्हणून दुसऱ्या एखाद्या फंडाने साडेसात कोटी प्री-मनी आणि पूल नको असं सांगितलं, तर त्याचा प्रस्ताव या ८ कोटींपेक्षा सरस ठरेल. टर्म शीट तोलताना प्री-मनीचा आकडा घेऊ नका. एका शेअरचा भाव किती पडतो ते काढा आणि त्याला आपल्या आजच्या शेअरनी गुणा.

फंड हे कपटाने करतो असं समजू नका. पूल प्री-मनीत धरण्याची पद्धत सर्रास आहे आणि तिच्यामागे कारणही आहे: माणसं लागणार हे तुम्हाला आजच माहीत आहे, तर त्यांचा खर्च आजच्या किमतीत धरा, असं फंड म्हणतो. पूल नंतर काढा, म्हणजे फंडाचाही हिस्सा त्यात कमी होईल, असा आग्रह धरून बघायला हरकत नाही, पण तो क्वचितच मान्य होतो. घासाघीस करायची जागा पुलाच्या आकारात आहे. दहाच टक्के का, हे विचारा. बहुतेक वेळा उत्तर "साधारण तसंच असतं" एवढंच येतं.

त्या उत्तरासमोर तुम्ही एक कागद ठेवा. पुढच्या अठरा महिन्यांत कोण कोण घ्यायचंय, त्यातल्या कुणाला शेअर द्यावे लागतील आणि किती, हे एकेक नावापुढे लिहा. तुमच्या कामाला एक अनुभवी डेव्हलपर, सांगली-तासगाव पट्ट्यात निर्यातदारांच्या ओळखी असलेला विक्रीचा माणूस आणि रेसिड्यूचे निकष समजणारा एखादा कृषी पदवीधर लागेल असं मला दिसतं. उरलेल्या दोघा-तिघांना पगार पुरेल. ही बेरीज पाच टक्क्यांच्या आत बसली तर पाचच टक्के मागा. पाच टक्के पुलाने एकूण शेअर १३,३३३ होतात, भाव ७,५०० होतो आणि तुमचा हिस्सा ४५ टक्के. एका पानाच्या यादीने तीन टक्के वाचतात. व्हॅल्युएशनवरून फंडाशी तेवढाच वेळ वाद घातलात तर एवढं सहसा हाती लागत नाही.

न वापरलेल्या पुलाबद्दल आणखी एक सांगते, कारण ते पहिल्यांदा कंपनी काढणाऱ्याच्या सहज लक्षात येत नाही. पुलातून माणसांना थेट शेअर मिळत नाहीत, ऑप्शन मिळतात, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क. कंपनी विकली गेली तर कुणालाच न दिलेले ऑप्शन रद्द होतात आणि तो वाटा सगळ्या भागधारकांत विभागला जातो, फंडातही. म्हणजे मोठ्या पुलाची किंमत तुम्ही दोघांनी मोजली आणि तो वापरलाच गेला नाही, तर त्यातला काही भाग फंडाला फुकट मिळतो.

आता मित्राचे दोन टक्के. हा गुंता सहीच्या आधीच सोडवा. "दोन टक्के" म्हणजे कशाचे, हे तुमच्या शब्दात कुठेच नाही. आजच्या १०,००० शेअरचे दोन टक्के म्हणजे २०० शेअर. राउंडनंतरच्या १४,२८६चे दोन टक्के म्हणजे २८६ शेअर. फरक ८६ शेअरचा, आणि ७,००० रुपये भावाने तो सहा लाखांच्या घरात जातो. तुम्ही २०० समजत असाल आणि तो २८६ समजत असेल, तर मैत्री या ८६ शेअरवरच तुटेल. त्याच्याकडे जा आणि टक्के न बोलता "दोनशे शेअर" असं बोला. हे दोनशे सीडनंतर, म्हणजे या पहिल्या राउंडनंतर, १.४ टक्के होतील, पुढे आणखी कमी होतील, तुमचेही तसेच होणार आहेत, हे त्याला आजच सांगा.

ते द्यायचे कसे, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे ईसॉप फक्त कर्मचाऱ्यांना आणि संचालकांना देता येतात. बाहेर राहून काम करून दिलेल्या मित्राला पुलातून ऑप्शन देता येत नाहीत. तो नोकरीवर येणार असेल तर प्रश्नच मिटला. ऑप्शन दिल्यावर निदान एक वर्ष गेल्याशिवाय ते त्याच्या हाती लागणार नाहीत, एवढं त्याला सांगून ठेवा. येणार नसेल तर सरळ वाट ही की तुम्ही १२० आणि पार्टनरने ८० असे आपापले शेअर त्याच्या नावे करावेत. बाजारभावापेक्षा कमी किमतीत शेअर मिळाले तर घेणाऱ्यावर कर बसू शकतो, म्हणून राउंडचा भाव कागदावर यायच्या आधी सीएंना भेटा. आणि फंडाला हे आजच सांगून टाका. तोंडी वचनं ड्यू डिलिजन्समध्ये, म्हणजे फंड कंपनीची कागदपत्रं तपासतो तेव्हा, बाहेर येतातच, आणि ती उशिरा कळली की फंड त्यांचा बोजा तुमच्याच वाट्यात टाकतो.

(पुढचे आकडे सोपे राहावेत म्हणून मी मित्राचे शेअर धरलेले नाहीत आणि पूल दहा टक्केच ठेवलाय.)

दोन वर्षांनी सीरीज ए, म्हणजे सीडनंतरचा मोठा राउंड, आली असं समजू. फंड १२ कोटी देतोय, प्री-मनी ४८ कोटी, पोस्ट-मनी ६० कोटी. म्हणजे पुन्हा २० टक्के. तोवर तुम्ही पुलातले ८०० ऑप्शन कर्मचाऱ्यांना दिलेत आणि ६२९ शिल्लक आहेत. नवा फंड म्हणतो, राउंडनंतर शिल्लक पूल पुन्हा १० टक्के हवा. पद्धत तीच: नव्या फंडाचे २० आणि शिल्लक पुलाचे १० काढले की ७० उरले, आणि त्या ७० मध्ये तुमचे दोघांचे १०,०००, सीड फंडाचे २,८५७ आणि दिलेले ८००, असे १३,६५७ शेअर बसवायचे.

| | आज | सीडनंतर | सीरीज एनंतर |
|---|---|---|---|
| तुम्ही | ६,००० (६०%) | ६,००० (४२%) | ६,००० (३०.८%) |
| पार्टनर | ४,००० (४०%) | ४,००० (२८%) | ४,००० (२०.५%) |
| सीड फंड | – | २,८५७ (२०%) | २,८५७ (१४.६%) |
| दिलेले ऑप्शन | – | – | ८०० (४.१%) |
| शिल्लक पूल | – | १,४२९ (१०%) | १,९५१ (१०%) |
| सीरीज ए फंड | – | – | ३,९०२ (२०%) |
| एकूण | १०,००० | १४,२८६ | १९,५१० |

तुमच्या ओळीवरून डावीकडून उजवीकडे बोट फिरवा. शेअर कुठेच बदलत नाहीत. ४२ ला ०.८ ने गुणलं असतं तर ३३.६ आले असते, प्रत्यक्षात ३०.८ आले. मधले २.८ टक्के पूल पुन्हा भरण्यात गेले. यावेळी मात्र एक गोष्ट वेगळी आहे. पुलाचा भार आता सीड फंडावरही पडतोय, त्यांचेही वीसाचे १४.६ झालेत. पहिल्या राउंडला पुलाच्या वादात ते तुमच्या समोर बसले होते, सीरीज एला ते तुमच्या बाजूला असतात. नव्या फंडाशी पुलावर बोलताना त्यांना सोबत घ्या, ते आनंदाने येतील.

६० कोटींच्या पोस्ट-मनीत तुमचे ३०.८ टक्के म्हणजे साडेअठरा कोटींच्या आसपास, आणि सीडनंतरचे ४२ टक्के म्हणजे ४ कोटी २० लाख. हिस्सा घटला आणि किंमत वाढली, हे खरं. पण हे कागदावरचे आकडे आहेत. त्यांचे पैसे कधी आणि किती होतील, हे टर्म शीटमधली अशी दोन कलमं ठरवतात जी या तक्त्यात दिसत नाहीत.

पहिलं लिक्विडेशन प्रेफरन्स. फंड साधारणपणे साधे शेअर घेत नाही, सीसीपीएस घेतो, म्हणजे पुढे साध्या शेअरमध्ये बदलावेच लागतील असे प्रेफरन्स शेअर. कंपनी विकली गेली तर फंडाने आपले पैसे आधी काढायचे, हा हक्क त्यांना जोडलेला असतो. सीडनंतर वर्षभरात कंपनी ३ कोटींना विकावी लागली, तर तुमच्या वाट्याला ३ कोटींचे ४२ टक्के येणार नाहीत. फंड २ कोटी आधी घेईल आणि उरलेल्या १ कोटीतून तुम्हाला ६० लाख, पार्टनरला ४० लाख मिळतील. गुंतवलेल्या रकमेच्या एकपट आणि नॉन-पार्टिसिपेटिंग, एवढं असेल तर हे कलम मान्य करण्यासारखं आहे. तशी पद्धतच आहे. पार्टिसिपेटिंग असेल तर फंड आधी २ कोटी घेतो आणि उरलेल्यातही पुन्हा वाटा मागतो. तिथे अडून बसा.

दुसरं ॲन्टी-डायल्यूशन, म्हणजे पुढचा राउंड आजच्यापेक्षा कमी भावाने झाला तर काय होतं ते. समजा दोन हंगाम अवकाळीने गेले, निर्यातदारांनी खर्च आवरला आणि तुम्हाला ३,५०० रुपये भावाने ५,००० शेअर विकून पावणेदोन कोटी उभे करावे लागले. भाव निम्मा झाला. टर्म शीटमध्ये "फुल रॅचेट" असेल तर सीड फंडाच्या सीसीपीएसचा जुना भावही निम्मा धरला जातो, आणि त्यांचे २,८५७ शेअर बदलताना ५,७१४ होतात. "ब्रॉड-बेस्ड वेटेड ॲव्हरेज" असेल तर नवा राउंड किती मोठा आहे हेही हिशेबात धरलं जातं, आणि तेच २,८५७ शेअर सुमारे ३,२८० होतात. ५,७१४ आणि ३,२८० मधला फरक तुमच्या, पार्टनरच्या आणि कर्मचाऱ्यांच्या हिश्शातून जातो. हे तक्त्यात आधी दिसत नाही, कारण आज सीसीपीएस एकास एक लिहिलेले असतात. फुल रॅचेट दिसलं तर ते काढायला सांगा. ब्रॉड-बेस्ड वेटेड ॲव्हरेज सगळीकडे असतं, त्यावर वेळ घालवू नका.

बाबांच्या ५१ टक्क्यांकडे आता येते. त्यांचा अनुभव दुकानाचा आहे, आणि भागीदारीच्या धंद्यात त्यांचं म्हणणं योग्यच आहे. कंपनीत मात्र ५१ ही एकटी भिंत नाही. कंपनी कायद्यात साध्या ठरावाला निम्म्याहून जास्त मतं लागतात: संचालक नेमणं, काढणं वगैरे. विशेष ठरावाला झालेल्या मतदानाच्या ७५ टक्के लागतात: आर्टिकल्स म्हणजे कंपनीची नियमावली बदलणं, बाहेरच्या माणसाला नवे शेअर देणं वगैरे. आणि मतं मोजताना न दिलेला पूल धरत नाहीत, कारण ऑप्शन वापरून शेअर घेतल्याशिवाय मत नसतं. सीसीपीएसना मात्र करारात मताचा हक्क दिलेला असतो.

सीडनंतर मतं होतात १२,८५७. तुम्ही दोघं मिळून ७७.८ टक्के, म्हणजे विशेष ठरावही दोघं मिळून करू शकता. तुम्ही एकट्या ४६.७ टक्के. एकटीचे ५१ टक्के पहिल्याच राउंडला जातात, पूल नसता तरी ४८ झालेच असते. ही गोष्ट बाबांना सहीच्या आधी सांगा, नंतर नको. सीरीज एनंतर दोघं मिळून साठ टक्क्यांच्या किंचित खाली, म्हणजे साधे ठराव तुमचे, पण विशेष ठराव दोन्ही फंड मिळून अडवू शकतात. म्हणून तुमची खरी ताकद ५१ टक्क्यांत कमी आणि पार्टनरबरोबर एकमताने मत देण्यात जास्त आहे. तो सोडून गेला तर त्याच्या शेअरचं काय, हे दोघांनी आत्ताच लिहून घ्या. फंडसुद्धा ते मागेलच: साधारण चार वर्षांत हळूहळू पक्के होणारे शेअर, आणि आधी गेल्यास उरलेले परत.

पण याहून महत्त्वाची एक यादी शेअरहोल्डर्स ॲग्रीमेंटच्या मागच्या पानांवर असते. तिला रिझर्व्ह्ड मॅटर्स म्हणतात. त्यातली कुठलीही गोष्ट फंडाच्या लेखी होकाराशिवाय करता येत नाही, तुमच्याकडे ९० टक्के असले तरी. नवे शेअर काढणं, कंपनी विकणं, आर्टिकल्स बदलणं, नातेवाइकांशी व्यवहार करणं, एवढं त्यात असेल तर ठीक. पण "दोन लाखांवरचा कुठलाही खर्च" किंवा "कुठल्याही कर्मचाऱ्याची नेमणूक" असं काही असेल तर कंपनी रोजच्या रोज त्यांना विचारून चालवावी लागेल. ही यादी एकेक ओळ वाचा आणि खर्चाच्या मर्यादा वार्षिक बजेटला बांधून घ्या: बजेटच्या आत असेल तर विचारणार नाही. संचालक मंडळावर तुम्ही दोघं आणि फंडाचा एक, हे सीडला पुरेसं आहे.

पुण्याच्या फर्स्टक्रायचा २०२४ मध्ये आयपीओ आला तेव्हा सह-संस्थापक सुपम माहेश्वरी यांच्याकडे सहा टक्क्यांच्या आसपास शेअर होते, आणि सॉफ्टबँकेकडे साधारण पाव हिस्सा. तरी कंपनी तेच चालवत होते. २०२१ मध्ये झोमॅटोच्या आयपीओच्या वेळी दीपिंदर गोयल यांचा हिस्साही पाच-साडेपाच टक्क्यांच्याच घरात होता. बाबांना दाखवायला हे आकडे उपयोगी पडतील. मात्र एवढं खाली जायचं का, हा निर्णय तुमचा आहे. द्राक्षाच्या हंगामावर चालणारा, वर्गणीतून पैसे येणारा तुमचा धंदा एकाच राउंडवर स्वतःच्या पायावर उभा राहू शकेल असं मला पत्रावरून वाटतं. तसं असेल तर सीरीज ए घ्यायलाच हवी असं काही नाही. आता २ कोटीच हवेत की सव्वा कोटीत काम होईल, हेही त्या अठरा महिन्यांच्या कागदावरून तपासा. पूल सोडून बघितलं तर ८ कोटी प्री-मनीला सव्वा कोटी म्हणजे फंडाला २० ऐवजी साडेतेरा टक्के जातात.

आज रात्री एक स्प्रेडशीट काढा. पहिल्या रकान्यात नावं, दुसऱ्यात शेअरची संख्या, तिसऱ्यात टक्के. टक्के कधीही हाताने टाइप करू नका, ते संख्येवरून निघू द्या:

```
=B2/SUM(B$2:B$7)
```

प्रत्येक राउंडला संख्या आणि टक्क्यांची नवी जोडी शेजारी वाढवा. पूल, वचनं, कन्व्हर्टिबल नोट म्हणजे पुढे शेअरमध्ये बदलणारं कर्ज असेल तर ते, सगळं यात आलं पाहिजे. फंड "फुल्ली डायल्यूटेड" म्हणतो तो हाच हिशेब. मग फंडाकडे त्यांची कॅप टेबल, म्हणजे कुणाकडे किती शेअर याचा त्यांचा तक्ता, मागा आणि तुमच्या शीटशी शेअर न् शेअर ताडून बघा. एकूण शेअर आणि भाव, हे दोन आकडे जुळले नाहीत तर सही पुढे ढकला. न जुळण्याचं कारण बहुधा पुलातच सापडेल: त्यांनी दहा टक्के राउंडनंतरच्या एकूणावर काढलेले असतात आणि आपण राउंडच्या आधीच्या.

कंपनी सेक्रेटरींना दोन गोष्टी आजच विचारून ठेवा. तुमचं अधिकृत भांडवल एक लाखच असेल तर नवा एकही शेअर त्यात बसत नाही. आधी ते वाढवून त्याचा SH-7 फॉर्म भरावा लागेल. त्याच वेळी दहाचा शेअर एक रुपयाचा करून घेता येईल का तेही बघा. टक्के तेच राहतात, पण एकूण शेअर लाखाच्या पुढे जातात, पूर्णांकाची ओढाताण थांबते आणि नव्या डेव्हलपरला पंधरा ऑप्शनऐवजी दीडशे देता येतात. दुसरं, फंडाचे पैसे वेगळ्या बँक खात्यात घ्यावे लागतात, आल्यापासून साठ दिवसांत शेअर द्यावे लागतात, आणि शेअर दिल्याचा PAS-3 फॉर्म दाखल होईपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. तेव्हा पैसे आले की लगेच पुढच्या महिन्याचे पगार त्यातून होतील असं धरून चालू नका, तेवढी रोकड कंपनीत आत्ताच राखून ठेवा.